मेट्रो स्वस्त आहे हो, खरा खर्च शेवटच्या अडीच किलोमीटरचा

प्रश्न: आम्ही फोंड्याला राहतो. मुलीला मुंबईत चकाल्याला नोकरी लागलीय, हातात ४२,००० येतील. ऑफिसपासून दहा मिनिटं चालत एक पीजी आहे, १९,००० महिना. दुसरा पर्याय म्हणजे कांदिवली पूर्वेला लोखंडवाला टाउनशिपमध्ये दोन मैत्रिणींसोबत फ्लॅट, तिच्या वाट्याला १२,५००, पण रोज शेअर रिक्षा, मेट्रो, परत दुसरी मेट्रो. जेवण दोन्हीकडे वेगळंच. फ्लॅटला तिच्या हिश्श्याचं डिपॉझिट ४०,००० आणि ब्रोकरेज १२,५००, पीजीला एका महिन्याचं डिपॉझिट. प्रवासात सगळी बचत जाईल का? की इथली स्कूटर पाठवून देऊ?

उत्तर: स्कूटरचं आधी सांगतो म्हणजे तो विषय संपेल. पेट्रोलचा हिशोब केला तर ती मेट्रोपेक्षा स्वस्तच पडेल, खोटं कशाला बोलू, पण पावसाळ्यात वेस्टर्न एक्सप्रेस हायवेवर रोज संध्याकाळी स्कूटर चालवणं म्हणजे आपल्या फोंडा-पणजी रस्त्यासारखं नाही, आणि गोव्याची गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांवर ठेवायची तर तिथलं रजिस्ट्रेशन, तिथला टॅक्स हे सगळं मागे लागतं. राहू दे घरी, तुम्हाला बाजारात जायला होईल.

आता मुद्द्याचं. तिचा रस्ता असा पडेल: टाउनशिपमधून शेअर रिक्षाने अडीच किलोमीटरवरचं आकुर्ली मेट्रो स्टेशन, तिथून लाइन ७ ने गुंदवली, तिथे पुलावरून चालत लाइन १ चं वेस्टर्न एक्सप्रेस हायवे स्टेशन, आणि पुढचंच स्टेशन चकाला. लाइन ७ चं भाडं अंतराच्या टप्प्यावर आहे, ३ ते १२ किलोमीटरला २० रुपये, आणि आकुर्ली ते गुंदवली त्याच टप्प्यात बसतं. लाइन १ वेगळ्या कंपनीची, त्यामुळे भाडं वेगळं, एका स्टेशनचे १० रुपये. शेअर रिक्षाची सीट २० धरूया, तुमच्या मुलीने त्या भागात विचारून हा आकडा पक्का करावा. म्हणजे एका बाजूचे ५०, जाऊन-येऊन १००, महिन्याचे २२ दिवस धरले तर २,२००.

हे आकडे किलोमीटरने भागून बघा, मजा आहे. मेट्रो साधारण दोन-तीन रुपये किलोमीटर पडते, शेअर रिक्षा आठ रुपये, आणि एकटीने मीटरची रिक्षा केली तर १७ रुपये. मुंबईत मीटर पहिल्या दीड किलोमीटरला २६ रुपयांपासून सुरू होतो, पुढे किलोमीटरला १७.१४, म्हणजे अडीच किलोमीटरला ४३. लोक मला विचारतात मेट्रो परवडेल का, अहो मेट्रोचा प्रश्नच नाही, आख्ख्या प्रवासातला हा छोटासा रिक्षाचा तुकडा सगळ्यात महाग आहे आणि तोच सगळ्यात बेभरवशाचा पण आहे.

बेभरवशाचा का ते समजून घ्या, कारण आपल्याकडे गोव्यात याचा अनुभव नसतो. आपल्याकडे बसमधून उतरलं की मोटरसायकल पायलटच्या मागे बसायचं, एक माणूस एक सीट, तो दारात सोडतो, विषय संपला. शेअर रिक्षा तीन सीट भरल्याशिवाय हलत नाही. आणि त्या भागात रिक्षांची मोठी लाइन असते कांदिवली रेल्वे स्टेशनला, मेट्रोखाली नाही. सकाळी याचा काही त्रास नाही, टाउनशिपमधून सगळेच स्टेशनच्या दिशेने निघतात, रिक्षा तिथेच भरते, ही वाटेत आकुर्लीला उतरेल (कदाचित भाडं पूर्ण स्टेशनचंच घेतील, ते पण विचारून ठेवा). गडबड संध्याकाळी. तेव्हा रिक्षा रेल्वे स्टेशनवरूनच तीन माणसं भरून निघते आणि मेट्रोच्या खालून तशीच भरलेली पुढे जाते, आणि तुमची मुलगी जिन्यावरून उतरून हात दाखवत उभी. मधल्या जागी चढणाऱ्याचं हे नेहमीचं दुखणं आहे, रिक्षावाल्याची यात काही चूक नाही, त्याची गाडी भरलेली असते.

म्हणून ॲग्रीमेंटवर सही करायच्या आधी तिला एक काम सांगा. एखाद्या मंगळवारी किंवा बुधवारी संध्याकाळी साडेसातला आकुर्ली स्टेशनच्या खाली टाउनशिपच्या बाजूला दहा मिनिटं उभं राहायचं आणि फक्त मोजायचं, एक सीट रिकामी असलेल्या किती रिक्षा गेल्या, आणि मेट्रोजवळूनच भरून निघणारी शेअरची लाइन आहे का. दहा मिनिटांत चार-पाच मिळाल्या तर काळजी नाही. एखादीच मिळाली तर पावसात ती पण मिळणार नाही असं धरून चाला. रविवारी दुपारी फ्लॅट बघायला गेलेल्या माणसाला हे कधीच कळत नाही, तेव्हा सगळ्या रिक्षा रिकाम्याच असतात. बेस्टची बस त्या बाजूला जाते का ते पण त्याच फेरीत बघून यायचं, साध्या बसला कमीत कमी १० आणि एसीला १२ रुपये आहेत, म्हणजे शेअरपेक्षा पण स्वस्त, फक्त तिची वेळ जुळली पाहिजे.

आणि आता पैशाचं खरं गणित. समजा शेअर मिळालीच नाही आणि तिने एकटीने मीटरची रिक्षा केली, तर जास्तीचे किती गेले? ४३ वजा २०, म्हणजे २३, म्हणू २५ रुपये. एवढेच! महिन्याचे सगळे ४४ वेळा एकटीने केली तरी १,१०० जास्तीचे. घरभाड्यात ६,५०० वाचतायत, त्यात हे मावतं. म्हणजे शेअर की एकटीने, हा पैशाचा प्रश्न वाटतो पण तेवढा नाहीच आहे. पण मी बघितलंय, आपली गोव्याची मुलं पहिल्या पगारात २५ रुपये वाचवायला अर्धा अर्धा तास उभी राहतात आणि मग कंटाळून सहाव्या महिन्यात जास्त भाड्याचं घर घेतात. म्हणून बजेटमध्येच महिन्याला ७०० रुपये वेगळे काढायला सांगा, नाव द्या रिक्षा खातं, दहा मिनिटांत शेअर नाही मिळाली की त्यातून एकटीने जायचं, आईबाबांना विचारायचं नाही, अपराधी वाटून घ्यायचं नाही. ७०० मध्ये अशा २८ फेऱ्या होतात, म्हणजे रोज संध्याकाळी एक, आणि वर काही उरतात. रात्री बारानंतर मीटरवर २५ टक्के जास्त लागतात, ते पण यातूनच.

मग २,२०० आणि ७०० मिळून २,९००. पीजीला राहून ती चालत जाईल, तरी मुसळधार पावसात कधी रिक्षा होणार, ३०० धरा. म्हणजे फ्लॅटवर निव्वळ बचत ६,५०० वजा २,९०० अधिक ३००, झाले ३,९०० महिना. तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर म्हणजे प्रवासात सगळी बचत जात नाही, साधारण चाळीस टक्के जाते.

पण वेळ जातो, आणि तो लपवून हिशोब करणं मला पटत नाही. दारापासून टेबलापर्यंत ५५ मिनिटं धरा, पीजीवरून १०. दोन्ही वेळचे मिळून दीड तास जास्त, महिन्याचे ३३ तास. ३,९०० भागिले ३३, तासाला १२० च्या आसपास. तिचा पगार कामाच्या तासांनी भागला तर तासाला २४० येतात. म्हणजे ती आपला वेळ अर्ध्या भावाने विकतेय. हे ऐकून लगेच पीजी ठरवू नका, कारण त्या दीड तासातले चाळीसेक मिनिटं ती एसी मेट्रोत असणार, आणि पीजीत त्या वेळात ती कमावणार नाहीये, मोबाइलच बघणार. शिवाय १९,००० म्हणजे पगाराच्या ४५ टक्के नुसतं पलंगाला, ते मला पहिल्या नोकरीत झेपणारं वाटत नाही. १२,५०० आणि प्रवास मिळून १५,४०० होतात, ते ३७ टक्क्यांच्या आत. मी फ्लॅटच्या बाजूने आहे.

ब्रोकरेजचं मात्र नीट बघा, कारण ते परत येत नाही. १२,५०० भागिले ३,९००, म्हणजे पहिले सव्वातीन महिने फ्लॅट फक्त ब्रोकरेज फेडतोय. अकरा महिने राहिली तर बचत ४२,९००, त्यातून ब्रोकरेज गेलं की ३०,४००. डिपॉझिटचे ४०,००० अडकतात पण पीजीत पण १९,००० अडकलेच असते, फरकाच्या २१,००० वर एफडीचं व्याज हजार-बाराशे गेलं समजा. हातात २९,००० राहतात. चौथ्या महिन्यात सोडलं तर जवळजवळ शून्य, आणि ॲग्रीमेंटमध्ये सहा महिन्यांचा लॉक-इन असेल तर उलट खिशातून. तेव्हा ऑफिस चकाल्यालाच राहणार का, प्रोबेशनमध्ये दुसऱ्या शाखेत पाठवतात का, हे तिने एचआरला आधी विचारावं. तसं काही असेल तर सरळ पीजी घ्या आणि माझं वरचं सगळं विसरा.

राहिला पास. लाइन २ए आणि ७ ला ३० दिवसांचा पास आहे, ४५ फेऱ्यांना १५ टक्के सूट, म्हणजे २० च्या टप्प्याला ९०० ऐवजी ७६५. लोक सूट बघून लगेच काढतात. पण मुंबई वन कार्डावर तसंही सोमवार ते शनिवार ५ टक्के सूट मिळते, फेरी १९ ला पडते, म्हणजे पास परवडायला ३० दिवसांत ४१ फेऱ्या लागतात, २१ दिवस ऑफिस. महिनाभर पूर्ण गेली तरी कार्डापेक्षा फायदा सत्तरेक रुपयांचा, आणि आठवड्यात एक दिवस जरी घरून काम असलं तरी नुकसान. चतुर्थीला ती आठवडाभर घरी येणारच, त्या महिन्यात पास काढायचाच नाही, नुसतं कार्ड वापरायचं, आणि ऑफिसने रोज यायला सांगितलं तर चतुर्थीहून परत गेल्यावर पहिल्या सोमवारी पास सुरू करायचा.