एसआरएस तपासायची असेल तर एक नियम निवडा आणि त्याचा हिशेब मांडा

प्रश्न: इंदूरला एका छोट्या कंपनीत टेस्टर म्हणून लागून चार महिने झालेत. 38 पानांची एसआरएस, म्हणजे सॉफ्टवेअरने काय काय करायचं ते लिहिलेलं डॉक्युमेंट, हातात दिली आहे आणि "स्पष्ट आहे का, टेस्ट करता येईल का, काही सुटलंय का, कुठे विरोधाभास आहे का ते बघ" एवढंच सांगितलंय. दोनदा वाचली, सगळं ठीकच वाटतंय. नेमकं बघायचं काय?

उत्तर:

पानामागून पान वाचलं की प्रत्येक वाक्य आपापल्या जागी बरोबरच वाटतं. घोटाळा असतो तो पान 9 वरचं वाक्य आणि पान 31 वरचं वाक्य शेजारी ठेवल्यावर. तुम्हाला सांगितलेले चारही निकष एसआरएस कशी असावी हे सांगणाऱ्या 1998 च्या आयईईई 830 या मानकात आहेत, पण ती यादी समोर ठेवून टिकमार्क करत गेलात तर फारसं काही सापडणार नाही. मी काय करतो ते एका खऱ्या उदाहरणावरून सांगतो.

काही वर्षांपूर्वी इंदुरातल्याच एका मराठी संस्थेच्या मंगल कार्यालयाचं बुकिंग सॉफ्टवेअर आमच्याकडे आलं. एसआरएस इंग्रजीत होती, मीटिंगा मात्र अर्ध्या हिंदीत आणि अर्ध्या मराठीत झालेल्या. मी त्यातून एकच विषय उचलला: बुकिंग रद्द केल्यावर किती पैसे परत मिळणार. त्यावरची वाक्यं शोधताना पहिला धडा मिळाला. कुठे "रिफंड" लिहिलं होतं, कुठे "रीपेमेंट", कुठे नुसतं "अमाउंट रिटर्न्ड". एकच शब्द सर्च करून थांबलो असतो तर निम्मी वाक्यं हाती लागली नसती. सगळी मिळून पाच निघाली, ती एका कागदावर उतरवली:

3.4 म्हणे, कार्यक्रमाच्या 15 दिवस आधीपर्यंत रद्द केल्यास भाड्याच्या 75 टक्के परत. 3.5 म्हणे, त्यापेक्षा कमी दिवस उरले असतील तर 25 टक्के. 5.3 म्हणे, परतावा दोन इन्स्टॉलमेंटमध्ये लवकरात लवकर दिला जाईल. 7.2 म्हणे, आजीव सभासदाला पूर्ण रक्कम परत. आणि 9.1 म्हणे, लग्नमुहूर्ताच्या तारखेचं बुकिंग रद्द केल्यास काहीही परत नाही.

आता यात उत्तर ठरवणाऱ्या गोष्टी तीन: 15 दिवस उरलेत की नाही, सभासद आहे की नाही, मुहूर्ताची तारीख आहे की नाही. प्रत्येकीचं उत्तर हो किंवा नाही, म्हणजे आठ ओळींचा तक्ता. याला डिसिजन टेबल म्हणतात. प्रत्येक ओळीसमोर किती टक्के परत ते लिहायचं आणि कुठल्या कलमामुळे तेही लिहायचं. मी भरायला घेतला तेव्हा आठपैकी फक्त दोन ओळींना एकच उत्तर होतं: सभासद नाही आणि मुहूर्तही नाही, त्या दोन. बाकी सहा ओळींत एकापेक्षा जास्त कलमं लागू होत होती आणि कोणतं कलम वरचढ, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. "7.2 आणि 9.1 हे अपवाद समजावेत" असं एक वाक्य घातलं की त्यातल्या चार ओळी सुटतात. उरतात दोन, म्हणजे आजीव सभासदाने मुहूर्ताची तारीख रद्द केली तर. 7.2 म्हणतं शंभर टक्के, 9.1 म्हणतं शून्य. हा खरा विरोधाभास. डेव्हलपर आधी जी अट लिहील ती जिंकेल, आणि कोणाला कळणारही नाही.

आम्ही हे चिटणीसांना विचारलं, तर ते लगेच म्हणाले, "त्याला अर्धे देतो की आम्ही." पन्नास टक्के! हा आकडा अख्ख्या डॉक्युमेंटमध्ये नव्हता. म्हणून अशा ठिकाणी स्वतः तर्क करून उत्तर भरू नका. जो रोज तो निर्णय घेतो त्यालाच विचारा.

तक्ता झाला की प्रत्येक अटीची कड तपासायची. कार्यक्रम 20 डिसेंबरला सकाळी 8 पासून, रद्द केलं 5 डिसेंबरला रात्री 11 वाजता. तारखा वजा केल्या तर 15 दिवस, म्हणजे 75 टक्के. तास मोजले तर 14 दिवस 9 तास, म्हणजे 25 टक्के. भाडं 40,000 धरलं तर एका कुटुंबाला 30,000 मिळतील की 10,000, हे "15 दिवस आधीपर्यंत" या शब्दांवरून ठरत नाही. "स्पष्ट आहे का" हे मी असंच बघतो: दोन माणसांना एकच उदाहरण द्यायचं आणि दोघांचे रुपये जुळतात का ते पाहायचं.

त्याच 3.4 मध्ये आणखी एक खाच होती. 75 टक्के कशाचे? लिहिलंय "भाड्याच्या". पण बुकिंगच्या वेळी लोक 10,000 ॲडव्हान्स भरत आणि बाकी रक्कम कार्यक्रमाच्या आठवड्यात देत. कलम जसंच्या तसं कोड केलं तर 10,000 भरणाऱ्याला 30,000 परत जातील. खरे आकडे घालेपर्यंत हे वाक्य आमच्या तिघांच्या नजरेतून सुटलं होतं.

5.3 ची गंमत खास आपल्या इंदूरची. मीटिंगमध्ये कोषाध्यक्ष हिंदीत म्हणाले होते, दो हफ़्ते में. टिपण घेणाऱ्याने मराठीत लिहिलं "दोन हप्त्यांत", आणि इंग्रजी करणाऱ्याने त्याचे केले दोन इन्स्टॉलमेंट. मूळ टिपण पाहायला मिळालं म्हणून कळलं. तुमच्याकडेही मीटिंगची टिपणं असतील तर मागून घ्या.

त्यातलं "लवकरात लवकर" टेस्ट करता येत नाही, कारण नापास कधी म्हणायचं तेच ठरलेलं नाही. पण त्या जागी "14 दिवसांत पैसे खात्यात जमा होतील" लिहूनही भागत नाही. पैसे जमा करणं बँकेच्या हातात आहे, आपल्या सॉफ्टवेअरच्या नाही. आम्ही शेवटी लिहिलं: रद्द केल्याची नोंद झाल्यापासून 14 दिवसांच्या आत परताव्याची सूचना बँकेकडे गेलेली असावी आणि तिचा क्रमांक बुकिंगवर दिसावा. हे टेस्टरला स्वतः बघता येतं.

काय सुटलंय हे शोधणं सगळ्यात अवघड, कारण जे लिहिलेलंच नाही ते दिसणार कसं? त्यासाठी मी लोक काउंटरवर काय घेऊन येतात ते आठवतो. घरात सुतक आलं, लग्न पुढे ढकललं. हे रद्द करणं की तारीख बदलणं? रद्द धरलं तर 9.1 प्रमाणे सगळे पैसे बुडतात. कार्यालयातच पाणी नाही म्हणून संस्थेनेच रद्द केलं तर? दोन्हींबद्दल एसआरएसमध्ये एक ओळही नव्हती.

कळवताना "3.4 अस्पष्ट आहे" असं लिहू नका, त्याला "ठीक आहे, बघू" एवढंच उत्तर येतं. वरचं 5 डिसेंबरचं उदाहरण जसंच्या तसं लिहा आणि विचारा, "30,000 की 10,000?" उत्तर त्याच दिवशी येतं.

38 पानांवर सगळीकडे असे तक्ते करत बसू नका. तीन अटींना 8 ओळी होतात, पाच अटींना 32. जिथे पैसे, तारखा किंवा कोणाला काय करायची परवानगी हे येतं, तेवढेच विषय घ्या. आणि या पद्धतीची एक मर्यादा आहे: नियम स्पष्ट असेल, टेस्ट होत असेल, पण मुळातच चुकीचा लिहिला गेला असेल, तर तक्ता ते सांगत नाही. त्यासाठी भरलेला तक्ता घेऊन त्या कामाच्या माणसासमोर बसायचं आणि एकेक ओळ मोठ्याने वाचून दाखवायची. आमच्या चिटणीसांनी तशा वाचनात आणखी एक ओळ बदलून घेतली होती, सभासद नसलेल्याची, मुहूर्ताच्या दिवसाची.