पहिल्या भेटीतला फ्रेंच संवाद

प्रश्न: फ्रेंचमध्ये पहिल्या भेटीत ओळख करून देण्याचा छोटा संवाद सांगाल का? गाव, नोकरी आणि छंद एवढं आलं तरी पुरे.

रोहिणी अकाउंटंट आहे, मार्क डॉक्टर. ‘झ’ लिहिलाय तिथे ‘श’ म्हणा, फक्त घसा थरथरू द्या.

— बोंझूर, झ मापेल रोहिणी. ए व्हू? (नमस्कार, मी रोहिणी. आपण?)
— आँशाँते. म्वा, से मार्क. व्हू व्हने दू? (भेटून आनंद झाला. मी मार्क. कुठल्या तुम्ही?)
— झ व्ह्यँ द नाशिक. ए व्हू? (नाशिकची. तुम्ही?)
— झ स्वी द ल्यों. व्हू फॅत क्वा दाँ ला व्ही? (लिओंचा. काय करता?)
— झ स्वी कोंताब्ल. (अकाउंटंट आहे.)
— म्वा, झ स्वी मेद्सँ. ए ल वीकेंड? (मी डॉक्टर. आणि सुट्टीच्या दिवशी?)
— झॅम लीर, ए झ झू द्यू ताब्ला. (वाचायला आवडतं, तबला वाजवते.)
— म्वा, झ झू ओ फूट. ओं स त्युत्वा? (मी फुटबॉल खेळतो. अगं-तुगं करू या?)
— दाकोर! (चालेल!)

पाठ करताना वाक्यं इंग्रजीतून जुळवू नका, मराठीतून जुळवा. मी सुरुवातीला इंग्रजीच्या वळणाने ‘झ स्वी अं कोंताब्ल’ म्हणायचे आणि बाई दर वेळी तो ‘अं’ खोडायच्या. आपण ‘मी एक अकाउंटंट आहे’ म्हणत नाही, फ्रेंच माणूसही म्हणत नाही. मात्र मागे विशेषण लावलंत, ‘चांगला डॉक्टर’ वगैरे, की ‘अं’ परत येतो.

छंदाच्या वाक्यातही तेच. इंग्रजीत फुटबॉल आणि तबला दोन्ही ‘प्ले’ करतात. फ्रेंच क्रियापदही एकच, ‘झुए’, पण पुढचा शब्द बदलतो. मराठीत जिथे ‘खेळते’ तिथे ‘ओ’, जिथे ‘वाजवते’ तिथे ‘द्यू’. म्हणून ‘ओ क्रिकेट’, पण ‘द्यू ताब्ला’. ‘ओ ताब्ला’ म्हणालात तर तबल्याचा खेळ मांडल्यासारखं वाटेल. बासरी स्त्रीलिंगी, म्हणून तिथे ‘द ला फ्ल्यूत’.

‘व्हू’ म्हणजे आपलं ‘तुम्ही’, ‘त्यू’ म्हणजे ‘तू’. अनोळखी मोठ्या माणसाशी ‘व्हू’नेच सुरू करा आणि समोरच्याने मार्कसारखं ‘ओं स त्युत्वा?’ विचारलं की ‘त्यू’वर या. बरोबरीच्या विद्यार्थ्यांत मात्र पहिल्यापासून ‘त्यू’च चालतं.

मराठी एका ठिकाणी दगा देते. ‘भारतीय’ आपल्याकडे बाईलाही तोच, पुरुषालाही तोच. फ्रेंचमध्ये पुरुष ‘अँद्यँ’, बाई ‘अँद्येन’. शेवटचा ‘न’ स्पष्ट ऐकू आला पाहिजे, नाहीतर बाईच्या तोंडी ‘मी भारतीय पुरुष आहे’ असं होतं. ‘आँशाँते’ची चिंता नको. लिहिताना बाई शेवटी एक ‘ई’ जादा लावते, पण उच्चार दोघांचा एकच.