खाण्याचा सोडा आणि सिट्रुलिन: ८०० मीटरसाठी काय घ्यावं, किती घ्यावं

प्रश्न: वजन ६० किलो, ८०० मीटर धावतो. खाण्याचा सोडा आणि सिट्रुलिन मॅलेट एकाच ग्लासात घेतलं तर चालेल का? नुसता सोडा घेतला तरी पोट बिघडतं.

एकाच ग्लासात मुळीच नको. मॅलेट म्हणजे मॅलिक आम्ल. त्यात सोडा पडला की ग्लास फसफसून वर येतो आणि सोड्याचा काही भाग तिथेच वाया जातो. लिंबू सरबतातून सोडा घेतला तरी हेच होतं.

तुमच्या शर्यतीसाठी सोड्याला चांगला पुरावा आहे. साधारण अर्ध्या मिनिटापासून १०-१२ मिनिटांपर्यंतच्या जोरकस प्रयत्नात स्नायूंत आम्लता वाढते. सोडा रक्तातला बायकार्बोनेट वाढवतो आणि ती आम्लता स्नायूंतून बाहेर ओढली जाते. फायदा थोडाच असतो, पण शेवटच्या २०० मीटरमध्ये तेवढाही मोलाचा.

मात्रा किलोमागे ०.२ ते ०.३ ग्रॅम, म्हणजे तुम्हाला १२ ते १८ ग्रॅम. त्याहून जास्त घेतल्याने वेग वाढत नाही, फक्त पोट बिघडतं. चमच्याने मोजू नका, काट्यावर तोला. आणि बेकिंग पावडर नको, साधा खाण्याचा सोडाच हवा.

पोट बिघडण्याची कारणं दोन. जठरातल्या आम्लाशी सोड्याची गाठ पडली की वायू तयार होतो, त्याने ढेकर, फुगारा, मळमळ. आतड्यात उतरलेलं एवढं सोडियम पाणी ओढून घेतं, त्याने जुलाब. सगळा सोडा एका दमात प्यायलात तर दोन्ही त्रास एकदम.

समजा शर्यत १० वाजता आहे. सातला पोहे आणि केळं, पण तुडुंब खाऊ नका. मग ७:१५ पासून दर पंधरा मिनिटांनी चौथा हिस्सा, प्रत्येक वेळी मोठा पेलाभर पाण्यात पूर्ण विरघळवून. आठला संपतं आणि शर्यतीआधी दोन तास हाती राहतात. हे आधी सरावाच्या दिवशी १२ ग्रॅमवर करून पाहा. तेवढ्यानेही जुलाब झाले तर आतड्यात विरघळणाऱ्या आवरणाच्या कॅप्सूल घ्या. साध्या कॅप्सूल जठरातच फुटतात, त्यांनी फक्त चव वाचते.

१८ ग्रॅम सोड्यात जवळपास ५ ग्रॅम सोडियम असतं, साडेबारा ग्रॅम मिठाइतकं. रक्तदाब, मूत्रपिंड किंवा हृदयाचा त्रास असेल तर हा प्रयोग करूच नका.

सिट्रुलिनचं शरीरात आर्जिनिन होतं, त्यापासून रक्तवाहिन्या सैल करणारं नायट्रिक ऑक्साइड. वजनं उचलताना एक तास आधी ६ ते ८ ग्रॅम मॅलेट घेतल्यावर काही अभ्यासांत दोन-चार आवर्तनं जास्त निघाली, काहींत काहीच फरक पडला नाही. ८०० मीटरसाठी भरवसा ठेवावा असं त्यात काही नाही. पोटाला मात्र ते सोड्यापेक्षा खूप सोपं, क्वचित थोडी जळजळ. आर्जिनिनच थेट जास्त घेतलं तर जुलाब होतात, तसं याने सहसा होत नाही. घ्यायचंच तर जिमच्या दिवशी घ्या. शर्यतीच्या सकाळी नुसता सोडा घ्या, म्हणजे पोट बिघडलं तर कशाने ते कळेल.