तास रेकॉर्ड करायला गेमिंग लॅपटॉप लागतो का?

प्रश्न: कराडच्या महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवते. उंब्रजहून रोज एसटीने जाते. स्लाइड तयार करणे, घरी आणि कधीकधी वर्गात तास रेकॉर्ड करणे, एवढंच काम. बजेट ६०-६५ हजार. दुकानदार म्हणतो, व्हिडिओ करायचे तर वेगळं ग्राफिक कार्ड असलेला गेमिंग लॅपटॉपच घ्या. घेऊ का?

उत्तर:

नका घेऊ, मॅडम. दुकानदार थ्रीडी ॲनिमेशन किंवा लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्यांचा सल्ला तुम्हाला देतोय. स्क्रीन रेकॉर्ड करताना लॅपटॉपला जड काम एकच असतं, ते म्हणजे पडद्यावरचं चित्र सतत लहान करून फाइलमध्ये भरत राहणं. इंटेल आणि एएमडीच्या आजच्या लॅपटॉप प्रोसेसरमध्ये या कामासाठी वेगळा भाग आधीच असतो. इंटेलमध्ये तो २०११ पासून आहे. वेगळ्या कार्डचे पैसे मोजून तुमच्या कामात फरक काहीच पडणार नाही. उलट गेमिंग लॅपटॉप सव्वादोन-अडीच किलोचा असतो, वर चार्जर अर्ध्या किलोच्या आसपास. एसटीत उभ्याने जायची वेळ आली की ते वजन कळेल.

फक्त हा भाग वापरायला सॉफ्टवेअरला सांगावं लागतं, आणि तिथेच बहुतेकांचं चुकतं. OBS Studio हे फुकट सॉफ्टवेअर वापरणार असाल तर Settings मध्ये Output उघडा. तिथे Software (x264) निवडलेलं असेल तर सगळा भार प्रोसेसरवर पडतो, पंखा जोरात फिरतो आणि त्याची घरघर तुमच्या आवाजात मिसळते. त्याऐवजी Hardware (QSV, H.264) किंवा एएमडी असेल तर Hardware (AMD, H.264) निवडा. 'लॅपटॉप स्लो आहे म्हणून रेकॉर्डिंग अडकतं' या तक्रारींपैकी बऱ्याच या एका बदलाने मिटतात.

आता मुख्य गोष्ट. लॅपटॉप पाहायला जाण्याआधी तुमच्या वर्गातल्या प्रोजेक्टरची केबल पाहून या. जुन्या वर्गांमध्ये अजून निळ्या टोकाची, पंधरा पिनांची व्हीजीए केबल भिंतीतून बाहेर आलेली असते, आणि नव्या लॅपटॉपला व्हीजीए जवळपास नसतंच. मग एचडीएमआय ते व्हीजीए असा छोटा ॲडॉप्टर लागतो. तो काही शे रुपयांत मिळतो, पण व्हीजीएमधून आवाज जात नाही. पेशीविभाजनाचा व्हिडिओ दाखवायचा असेल तर आवाज ३.५ मिमीच्या गोल जॅकमधून वर्गाच्या स्पीकरला न्यावा लागतो. आणि वर्गात रेकॉर्ड करायचं तर माइकही त्याच जॅकला हवा, कारण आजच्या लॅपटॉपला हेडफोन आणि माइक मिळून एकच भोक असतं. दोन कामं, एक जॅक.

म्हणून माइक यूएसबीवर घ्या. कॉलरला लावायचा वायरलेस माइक, ज्याचा छोटा रिसीव्हर थेट यूएसबीत बसतो, तो वर्गासाठी सगळ्यात सोयीचा. तुम्ही फळ्यापर्यंत चालत गेलात तरी आवाज सारखा राहतो. कोणी साधा, वायरचा कॉलर माइक सुचवला तर त्याची पिन नीट बघा. पिनेवर काळे पट्टे दोन असतील तर तो कॅमेऱ्याचा माइक, लॅपटॉपच्या जॅकला ॲडॉप्टरशिवाय चालत नाही. तीन पट्टे असतील तर मोबाइलचा, आणि तोच चालतो. लॅपटॉपच्या आतल्या माइकवर विसंबू नका. तो टेबलावर असतो, तुम्ही फळ्यापाशी, आणि त्याला सगळ्यात जवळून ऐकू येतो तो स्वतःचा पंखा.

यावरून पोर्टची गरज आपोआप ठरते. एक एचडीएमआय, दोन मोठे यूएसबी आणि एक यूएसबी-सी. एका यूएसबीत माइक, दुसऱ्यात पेन ड्राइव्ह किंवा स्लाइड पुढे सरकवायचा रिमोट. यूएसबी-सीबद्दल मात्र दुकानात स्पष्ट विचारा की त्यावरून लॅपटॉप चार्ज होतो का. होत असेल तर ६५ वॉटचा साधा टाइप-सी चार्जर स्टाफरूमच्या ड्रॉवरमध्ये कायमचा ठेवता येतो आणि मूळ चार्जर घरीच राहतो. बारीक गोल पिनेचा चार्जर असलेल्या बऱ्याच मॉडेलना यूएसबी-सी पोर्ट दिसतो, पण तो फक्त डेटासाठी असतो. दिसायला दोन्ही अगदी सारखे. माझ्या मते रोजच्या प्रवासात ही एक सोय प्रोसेसरच्या नंबरपेक्षा जास्त उपयोगी पडते.

बॅटरीचं गणित कंपनीच्या 'दहा तास'वर करू नका. ते आकडे कमी उजेडात, व्हिडिओ चालवून काढलेले असतात. लॅपटॉपच्या तपशिलात वॉट-अवर लिहिलेलं असतं, ते बघा. समजा ४२ वॉट-अवरची बॅटरी आहे. पडदा बऱ्यापैकी उजळ, प्रोजेक्टर जोडलेला, वायफाय चालू आणि रेकॉर्डिंग सुरू असेल तर १३-१४ वॉट सहज जातात, म्हणजे तीन तास. नुसत्या स्लाइड असतील तर चार-पाच. दोन-तीन वर्षांत बॅटरीची ताकद घटते, तेव्हा त्याच रेकॉर्डिंगचे दोन-सव्वादोन तास उरतील. सलग दोन तासिका आणि मग प्रॅक्टिकल असा दिवस असेल तर ५० वॉट-अवरच्या वरचं मॉडेल शोधा, किंवा मधल्या सुट्टीत चार्जिंगला लावायची सवय ठेवा. बॅटरीची खरी अवस्था विंडोजच सांगतं:

```
powercfg /batteryreport
```

ही ओळ कमांड प्रॉम्प्टमध्ये टाकली की एक अहवाल तयार होतो. त्यात DESIGN CAPACITY म्हणजे मूळची क्षमता आणि FULL CHARGE CAPACITY म्हणजे आजची. जुना किंवा रिफर्बिश्ड लॅपटॉप घेत असाल तर पैसे देण्याआधी हे दोन आकडे बघाच. (रिफर्बिश्डमध्ये इंटेलची आठवी पिढी किंवा पुढचीच घ्या. त्याआधीच्या बहुतेकांवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला.)

तुमच्या बजेटमध्ये मी १४ इंची, दीड किलोच्या आतलं मॉडेल बघेन. १५.६ इंचीवर स्लाइड करायला जागा जास्त मिळते हे खरं, पण घरी एखादा जुना मॉनिटर जोडून ती सोय होते; पाठीवरचं वजन मात्र कशानेच कमी होत नाही. पडद्यासाठी आयपीएस आणि निदान ३०० निट्स उजेड मागा. २५० निट्सचा पडदा खिडकीजवळच्या टेबलावर धुरकट दिसतो. वनस्पतींचे फोटो दाखवणार असाल तर १०० टक्के एसआरजीबी लिहिलेला पडदा मिळाला तर उत्तम. ४५ टक्के एनटीएससी असं लिहिलेल्यावर पानांचा हिरवा फिका दिसतो, आणि तुम्ही स्लाइडमध्ये तो उगाच गडद करत बसाल.

रॅम १६ जीबी. ८ जीबीतला काही भाग ग्राफिक्सच घेतं, आणि पॉवरपॉइंट, ब्राउझर, ओबीएस एकत्र चालवले की उरलेलं पुरत नाही. आत्ता ८ घेऊन पुढे वाढवू म्हणाल तर रॅम बदलता येते का हे आधी तपासा. दुकानातल्या मॉडेलवर Task Manager उघडून Performance मध्ये Memory बघा. Form factor समोर SODIMM असेल तर बदलता येते, Row of chips असेल तर ती बोर्डावरच चिकटवलेली आहे.

प्रोसेसरबद्दल एवढंच की इंटेलचा १२ वी-१३ वी पिढीचा आय-५ पुरून उरतो. एएमडीमध्ये एक सापळा आहे. रायझेन ५ च्या डब्यावर 7520U आणि 7530U असे जवळजवळ सारखे नंबर दिसतात. या मालिकेत तिसरा आकडा रचना किती जुनी ते सांगतो. 7520U ची रचना २०१९ च्या पिढीची, कोअर चार. 7530U ची त्यापुढच्या पिढीची, कोअर सहा. किमतीतला फरक थोडा असेल तर दुसराच घ्या.

स्टोरेजचा हिशेब सोपा आहे. स्लाइडवर हालचाल कमी असते, म्हणून ओबीएसमध्ये Video Bitrate 2500 Kbps पुरतो. त्या हिशेबाने ५० मिनिटांच्या तासाला साधारण १ जीबी. आठवड्याला पाच तास रेकॉर्ड केले तरी वर्षभरात दीडशे-दोनशे जीबी, म्हणजे ५१२ जीबीचा एसएसडी चालेल, जुने तास बाहेरच्या डिस्कवर हलवत राहिलात तर. Recording Format मात्र MKV ठेवा. साध्या MP4 मध्ये रेकॉर्ड करताना बॅटरी गेली की अख्खी फाइल उघडत नाही. MKV मध्ये तोपर्यंतचं वाचतं. नंतर ओबीएसच्याच File मेनूतल्या Remux Recordings ने तिचं MP4 करा, म्हणजे विद्यार्थ्यांच्या मोबाइलवर अडचण येणार नाही.

घरी रेकॉर्ड करताना ओबीएसची गरज नाही. पॉवरपॉइंटचं स्वतःचं रेकॉर्डिंग बरं, कारण ते स्लाइडनिहाय साठवतं. सातव्या स्लाइडवर अडखळलात तर फक्त सातवी परत करायची. स्लाइड बदलत असताना मात्र बोलू नका, तेवढ्या क्षणात ते आवाज टिपत नाही. ट्रान्झिशन इफेक्ट लांबलचक ठेवलेत तर वाक्याची सुरुवातच कापली जाते.

दुकानात जाताना माइक आणि व्हीजीए ॲडॉप्टर बरोबर घेऊन जा. डेमोच्या लॅपटॉपवर माइक लावून पॉवरपॉइंटमध्ये पाचेक मिनिटं बोला आणि हेडफोन लावून परत ऐका. झाकण एका हाताने उघडून बघा, बिजागरीपाशी प्लास्टिक वाकत असेल तर दुसरं मॉडेल मागा. रोज चार-पाच वेळा उघडझाप होणार आहे. घरी आणल्यावर Control Panel मधल्या Power Options मध्ये झाकण बंद केल्यावर Sleep ऐवजी Hibernate करा. आजकालचे बरेच लॅपटॉप स्लीपमध्ये पूर्ण झोपत नाहीत, बॅगेत तापतात आणि कॉलेजला पोहोचेपर्यंत बॅटरी उतरलेली असते. यादीत Hibernate दिसत नसेल तर कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून ही ओळ द्या, मग तो पर्याय मिळेल:

```
powercfg /hibernate on
```

वॉरंटी घेताना ऑनसाइट सेवा कराडला मिळते की पुण्याला पाठवावं लागतं, हे बिल करण्याआधी विचारा. पडणं-सांडणं धरणारी जादा वॉरंटी एरवी मी कोणाला सुचवत नाही, पण रोज एसटीने जाणाऱ्याला सुचवेन.