‘विभक्त मार्ग’ की ‘विभिन्न मार्ग’? आणि बिंदू ‘फोडायचा’ म्हणजे काय?

प्रश्न: भाऊ, कॉम्प्युटरच्या वर्गासाठी मराठीत टिपणं काढतोय. ‘व्हर्टेक्स-डिसजॉइंट पाथ्स’ला एका ठिकाणी ‘शिरोबिंदू-विभक्त मार्ग’ असं वाचलं. नुसतं ‘वेगवेगळे मार्ग’ म्हटलं तर काय बिघडतं? ‘व्हर्टेक्स स्प्लिटिंग’ला ‘बिंदू फोडणे’ आणि ‘व्हर्टेक्स कट’ला ‘शिरोबिंदू-छेद’ चालेल का? मी धरणगावचा, उदाहरण इकडचंच द्या.

‘वेगवेगळे’ने बरंच बिघडतं. जळगावहून धुळ्याला एरंडोलवरून जा किंवा धरणगाव-अमळनेरवरून जा, मार्ग वेगवेगळे आहेत असंच आपण म्हणू. पण दोन्ही वाटा पाळधीपर्यंत एकच आहेत आणि तिथे फुटतात. पाळधीला वाहतूक अडली की दोन्ही गेल्या.

‘विभक्त’चा घोटाळा अधिक बारीक आहे. भाऊ विभक्त होतात, चुली दोन होतात, बांध पडतो. पण विहीर मात्र सातबाऱ्यावर सामाईकच राहते. आपल्याला नेमकी ती सामाईक विहीरच नको आहे. एखाद्या चौफुलीवर एक मार्ग पूर्वेकडून येऊन पश्चिमेला गेला आणि दुसरा उत्तरेकडून येऊन दक्षिणेला गेला, तर रस्त्याचा एकही तुकडा दोघांत सामाईक नाही, चौफुली मात्र सामाईक आहे. गाव किंवा चौफुली म्हणजे शिरोबिंदू आणि दोन ठिकाणांमधला रस्ता म्हणजे कड धरली, तर असे मार्ग कडांपुरते वेगळे असतात, शिरोबिंदूंपुरते नसतात. संचांच्या धड्यात एकही घटक सामाईक नसलेल्या संचांना आपण ‘विभिन्न’ म्हणतो, तोच शब्द इथे घ्यावा: ‘शिरोबिंदू-विभिन्न मार्ग’. सुरुवातीचं आणि शेवटचं गाव सोडून एकही ठिकाण सामाईक नाही, एवढाच त्याचा अर्थ. बोलताना मी सरळ ‘सामाईक चौफुली नसलेले मार्ग’ म्हणतो. लांब आहे, पण वर्गात कुणी अडत नाही.

आता ‘फोडणे’. हा शब्द चांगला आहे, फक्त तो नारळ फोडण्यातला नव्हे, शब्दाची फोड करण्यातला घ्या. फोड केल्यावर तुकडे विखुरत नाहीत. ते कसे जोडलेले होते ते दिसू लागतं. इथेही तसंच आहे. एका गावाचे दोन बिंदू करायचे आणि त्यांच्यामध्ये एक दिशेचा छोटा रस्ता टाकायचा. त्या दोन बिंदूंना नावं शोधायला लांब जाऊ नका, प्रत्येक कचेरीत आवक-जावक नोंदवही असते. गावात येणारे सगळे रस्ते ‘आवक’ बिंदूला लागतात, बाहेर जाणारे सगळे ‘जावक’ बिंदूपासून निघतात आणि आवकेकडून जावकेकडे जाणाऱ्या रस्त्याची क्षमता 1 ठेवायची. म्हणजे त्या गावातून एकच मार्ग जाऊ शकतो. हे करायचं कारण असं, की विभिन्न मार्ग जास्तीत जास्त किती निघतात ते मोजताना आपण प्रत्येक मार्ग म्हणजे 1 प्रवाह धरतो, आणि प्रवाह मोजण्याची नेहमीची रीत मर्यादा रस्त्यावर घालते, बिंदूवर नाही. म्हणून बिंदूवरची मर्यादा आपण रस्त्यावर उतरवतो. दुतर्फा रस्ता असेल तर त्याचे दोन एकेरी रस्ते धरायचे: या गावाच्या जावकेपासून त्या गावाच्या आवकेकडे, आणि उलटही. निघायचं आणि पोचायचं गाव मात्र फोडायचं नाही.

‘एकदा वापरलेलं गाव खोडून टाकलं की झालं, एवढा खटाटोप कशाला?’ असं विद्यार्थी विचारतीलच. त्यांना तुमच्याच गावावरून दाखवा. धरणगावहून धुळ्याला जायचंय. उदाहरणापुरते सहाच रस्ते घेऊ: धरणगाव–एरंडोल, धरणगाव–अमळनेर, एरंडोल–पारोळा, अमळनेर–पारोळा, अमळनेर–धुळे आणि पारोळा–धुळे. (माझी आजी अमळनेरला ‘अमयनेर’ आणि धुळ्याला ‘धुये’ म्हणायची, अहिराणीत ‘ळ’ची फोड नाही, थेट बदलीच.)

समजा पहिला मार्ग सापडला तो धरणगाव–अमळनेर–पारोळा–धुळे. अमळनेर आणि पारोळा खोडले, तर एरंडोलहून पुढे वाट उरत नाही आणि उत्तर येतं 1. ते चूक आहे. अमळनेरवरून थेट धुळे हा एक मार्ग आणि एरंडोल-पारोळ्यावरून दुसरा, असे दोन विभिन्न मार्ग उघड दिसतात.

फोड केलेल्या आराखड्यात हीच चूक आपोआप दुरुस्त होते. दुसरा मार्ग शोधताना आपण एरंडोलवरून पारोळ्याच्या आवकेला पोचतो. तिथून जावकेकडे जाता येत नाही, कारण 1 ची क्षमता पहिल्या मार्गाने खाल्ली आहे. पण अमळनेर-जावकेकडून पारोळा-आवकेकडे आलेला प्रवाह मागे ढकलता येतो, म्हणजे पहिल्या मार्गाचा तेवढा तुकडा रद्द करता येतो. तो रद्द केला की आपण अमळनेरच्या जावकेवर उभे राहतो, आणि तिथून धुळ्याचा रस्ता मोकळाच आहे. निकाल असा: पहिला मार्ग अमळनेरहून थेट धुळ्याला वळला आणि पारोळ्याची जागा एरंडोलकडून येणाऱ्याला मिळाली. यात अमळनेरच्या आवकेला आपण शिवलोही नाही. आवक आणि जावक वेगळे नसते, तर ‘अमळनेर आधीच वापरलंय’ म्हणून हीच वाट बंद वाटली असती.

‘शिरोबिंदू-छेद’ला मात्र माझा विरोध आहे. मराठी गणितात ‘छेद’ म्हणजे अपूर्णांकाच्या खालची संख्या, आणि दोन संचांतले सामाईक घटकही छेदसंचात जातात. ज्या वाक्यात मार्गांमध्ये सामाईक काही नाही असं सांगायचंय, तिथेच ‘छेद’ आणला तर मुलं गोंधळणार. आपल्याकडे शब्द तयार आहे: ‘नाकाबंदी’. कडा तोडणं म्हणजे रस्ता बंद करणं, शिरोबिंदू काढणं म्हणजे नाका बंद करणं, आणि निघायच्या गावाहून पोचायच्या गावाकडच्या सगळ्या वाटा अडतील एवढे नाके बंद केले की झाली नाकाबंदी. (रास्ता रोको प्रत्यक्षात चौफुलीवरच करतात, ते सोडा.)

नाकाबंदी आणि विभिन्न मार्ग यांचं नातं या शब्दाने लगेच कळतं. दोन विभिन्न मार्ग असतील तर एका नाक्यावर दोन्ही अडत नाहीत. प्रत्येकासाठी निदान एक वेगळा नाका लागतो. म्हणून नाके मार्गांपेक्षा कमी असू शकत नाहीत. कमीत कमी नाके आणि जास्तीत जास्त विभिन्न मार्ग यांची संख्या नेहमी समानच येते, हा कार्ल मेंगर यांचा 1927 चा सिद्धांत आहे.

नाके कोणते, तेही फोड केलेला आराखडाच सांगतो, फक्त गावांमधल्या रस्त्यांची क्षमता अमर्याद ठेवायची, म्हणजे अडवणूक नाक्यांवरच होते. प्रवाह 2 झाल्यावर धरणगावहून अजून कुठवर जाता येतं ते पाहा. अमळनेरच्या आणि एरंडोलच्या आवकेपर्यंत पोचतो. दोन्ही जावका मिळत नाहीत. जिथे आवक हाती येते आणि जावक येत नाही, तो नाका. अमळनेर आणि एरंडोल बंद केले की धुळे तुटलं. अमळनेर आणि पारोळा ही जोडीही चालली असती. सुरुवातीच्या गावाकडून शोधलं म्हणून अलीकडची जोडी हाती आली.

एक अट टिपणात घालाच: दोन्ही टोकं थेट जोडलेली नसावीत. याच आराखड्यात पारोळ्याहून धुळ्याला निघालात, तर मधले सगळे नाके बंद करूनही थेट रस्ता उरतोच, आणि त्याची क्षमता अमर्याद ठेवली असेल तर प्रवाहाचं उत्तरही अमर्याद येतं. तसं आलं तर तो रस्ता बाजूला काढून उरलेल्या आराखड्यावर मोजा आणि मार्गांत शेवटी 1 मिळवा.