वाढे, भुसकट आणि मळी: गाईला किती घालावी?

प्रश्न: ऊसतोड सुरू झाल्यापासून दोन महिने संकरित गाईला नुसते वाढेच टाकतोय. दूध १० लिटरवरून ७ वर आलं, दोनदा भरवली तरी उलटली. मळी मिळतेय, ती चालू करू का?

उत्तर: आधी वाढे कमी करा, मळीचं नंतर. वाढ्यांत ऑक्झलेट असतं. ते चाऱ्यातल्या कॅल्शियमला पकडतं आणि दोन्ही शेणावाटे बाहेर पडतात. मग दुधासाठी लागणारं कॅल्शियम गाय हाडांतून काढते. त्यात वाढ्यांत प्रथिनं अगदी कमी, त्यामुळे पोट भरलेलं दिसतं पण गाय उपाशीच. दूध घटण्याचं आणि उलटण्याचं हे मोठं कारण असू शकतं. तरी एकदा गर्भाशय तपासून घ्या, कारण तिथे दोष असेल तर चारा बदलून भागणार नाही.

चुन्याच्या निवळीवर फार विसंबू नका. चुना पाण्यात फारसा विरघळत नाही, लिटरभर निवळीत कॅल्शियम जेमतेम १ ग्रॅम येतं. त्यापेक्षा रोज ५० ग्रॅम खनिज मिश्रण पेंडीत मिसळून द्या.

४०० किलोच्या, १० लिटरच्या गाईला दिवसाचा हिशेब असा बसवा: कुट्टी केलेले वाढे १० किलो, हिरवी मका १२ किलो, लसूणघास ५ किलो, कडब्याची कुट्टी २ किलो, पशुखाद्य साडेचार किलो. मका नसेल तर नेपियर घालून जागा भरू नका, त्यातही ऑक्झलेट असतं. बदल आठ-दहा दिवसांत हळूहळू करा. गाय आठव्या-नवव्या महिन्याची गाभण असेल तर वाढे आणखी कमी करा, नाहीतर व्यायल्यावर दुग्धज्वराची भीती. अशी गाय मान पोटाकडे वळवून बसली तर घरगुती उपाय करत बसू नका, डॉक्टरांना बोलवा.

आता मळी. (काही भागांत प्रेसमडलाही मळी म्हणतात, ती शेतात टाकायची. इथे काळी, चिकट, पातळ मळी.) तिचा खरा उपयोग कडबा किंवा सोयाबीनचं भुसकट गाईनं खावं म्हणून. १०० ग्रॅमपासून सुरू करा, आठवड्यात ४०० ग्रॅमवर न्या. दुप्पट पाण्यात कालवून कुट्टीवर शिंपडा. बादलीत नुसती ठेवू नका. एका बैठकीत जास्त गेली तर साखरेनं पोटात आम्ल वाढतं: शेण पातळ आणि आंबूस वासाचं होतं, रवंथ थांबते. असं दिसलं की मळी आणि पशुखाद्य बंद, फक्त कडबा, आणि लगेच डॉक्टर. फेसाळलेली, दारूसारखा वास येणारी मळी टाकून द्या.

मळीत युरिया घरी कालवू नका. नीट न मिसळलेला एक घासही जनावराच्या जिवावर बेततो. वासरांना तर नकोच.

आणि पाचट? वाळलेलं पाचट उसातच कुजवा, गव्हाणीत आणू नका.