ब्रेसेसच्या सहाव्या महिन्यात डॉक्टरांनी नायटाय वायर काढून जाड स्टीलची लावली. स्टील तर जुनी आणि स्वस्त असते ना, मग शेवटपर्यंत नायटायच का नाही ठेवत? आणि हे दुखणं किती दिवस राहील?

मी ऑर्थोडॉन्टिस्ट आहे, नागपुरात चार क्लिनिकमध्ये व्हिजिटिंग म्हणून जाते. या एका विषयावरून माझं एका क्लिनिकच्या सरांशी इतकं वाजलं होतं की शेवटी मी तिथे जाणंच बंद केलं, त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

स्टील जुनी आहे हे खरं, स्वस्त आहे हेही खरं. पण ती नायटायच्या जागी लावायची हलक्या प्रतीची वायर नाही, तिचं कामच वेगळं आहे. नायटाय म्हणजे निकेल-टायटॅनियमची लवचिक वायर, तिने दात ओळीत येतात. दात काढून गॅप केली असेल तर ती भरायला स्टील लागते. तुमचे दात काढलेत की नाही ते तुम्ही लिहिलं नाही, पण सहाव्या महिन्यात जाड स्टील म्हणताय म्हणजे बहुतेक काढले असतील असं धरून लिहिते.

तीन-चार वर्षं झाली असतील. हिंगण्याकडची एक मुलगी होती, सतरा वर्षांची, समोरचे दात बरेच पुढे. वर-खाली दोन्ही बाजूंच्या पहिल्या छोट्या दाढा काढल्या, म्हणजे चार दात. ब्रॅकेट, म्हणजे दातावर चिकटवायचे खाच असलेले छोटे तुकडे, लावले, पहिल्यांदा 14 ची नायटाय, मग 16 ची. हे आकडे इंचाच्या हजाराव्या भागात असतात, 16 म्हणजे 0.016 इंच जाडीची गोल वायर. चार महिन्यांत वेडेवाकडे दात छान सरळ रेषेत आले. इथपर्यंत नायटायला तोड नाही, आणि मी स्टीलची बाजू घेतेय म्हणून नायटायला नावं ठेवतेय असं कोणी समजू नका. ओळीबाहेर तीन-चार मिलिमीटर गेलेल्या दातात तुम्ही त्याच जाडीची स्टील अडकवली तर एकतर ती तिथेच कायमची वाकते किंवा दातावर इतका जोर येतो की पेशंट रात्रभर झोपत नाही. नायटाय तेवढी वाकूनही परत आपल्या आकारात येते आणि येताना जवळपास सारखाच हलका जोर लावत राहते, पहिल्या दिवशी खूप आणि नंतर काहीच नाही असं होत नाही. 1971 मध्ये अमेरिकेत आयोवा विद्यापीठाच्या अँड्रीअसन यांनी ही वायर दातांसाठी आणली, त्याआधी लोक स्टीलच्याच वायरला लूप पाडत बसायचे, एकेका पेशंटला तास-तास.

उष्णतेने चालणारी नायटाय तर अजून गंमतशीर आहे. बर्फाच्या पाण्यात बुडवली की दोऱ्यासारखी मऊ पडते, तोंडाच्या उबेला आली की ताठ होऊन आकार धरते. मी पेशंटला हे वाटीत करून दाखवते. मे महिन्यात आपल्याकडे लाइट गेली की दाखवायचीही सोय राहत नाही, वायर हातातच ताठ झालेली असते.

तर, त्या मुलीच्या वेळी मी बाळंतपणाच्या रजेवर गेले. जाताना फाइलमध्ये लिहून गेले होते की पुढे 17-25 नायटाय, म्हणजे 0.017 बाय 0.025 इंचाची चौकोनी वायर, मग 19-25 नायटाय, मग 19-25 स्टील, आणि स्टील बसेपर्यंत चेन, म्हणजे गॅप ओढून बंद करणारी रबरी साखळी, लावायची नाही. चार महिन्यांनी परत आले तर तोंडात तीच 16 ची गोल नायटाय, आणि तिच्यावर दाढेपासून दाढेपर्यंत पॉवर चेन ताणलेली. चेन दर महिन्याला बदलली होती. मुलीची आई आनंदात, "मॅडम, गॅप तर भरून राहिली न भराभर!" दिसायला खरंच भरली होती, सात मिलिमीटरची तीन झाली होती. पण त्याच काकू पुढे म्हणाल्या, "फक्त खालचे ब्रॅकेट काहून सारखे निघून राहिले?"

माझं लक्ष तिथेच गेलं. मुलीला मागचे दात चावायला सांगितले तर वरच्या दातांनी खालचे समोरचे दात जवळपास पूर्ण झाकले होते, आधी तीन मिलिमीटर झाकायचे ते आता सहा, म्हणून वरचे दात खालच्या ब्रॅकेटवर आपटून ते निघत होते. बाजूला, उरलेल्या छोट्या दाढांच्या जागी, वर-खाली दात टेकतच नव्हते, मधून उजेड दिसत होता. आणि सुळ्याचं टोक मागे कललेलं. ओपीजी, म्हणजे पूर्ण जबड्याचा एक्स-रे, काढला तर सुळ्यांची मुळं होती तिथेच, फक्त वरचा भाग मागे पडला होता. म्हणजे गॅप भरलीच नव्हती, दात झुकून ती झाकली गेली होती.

हे का होतं ते सांगते, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. चेन ओढते ब्रॅकेटला, म्हणजे दाताच्या दिसणाऱ्या भागाला. पण दात रोवलेला आहे हाडात, त्याचं मूळ खाली लांब आहे. मातीत रोवलेला खांब वरून ओढला तर तो सरकत नाही, कलतो. दात न कलता सरकायला हवा असेल तर ब्रॅकेटच्या खाचेत बसलेल्या वायरने त्याला दोन्ही कडांनी धरून उभं ठेवायला हवं. ती खाच 22 ची असते. त्यात 16 ची गोल वायर म्हणजे मोठ्या कडीत बारीक खिळा, ती पकडणार काय? शिवाय त्याच जाडीच्या स्टीलच्या मानाने नायटाय चार-पाच पट लवचिक, त्यामुळे चेनच्या ओढीने वायरच मधून वाकते, सुळा मागे कलतो, समोरचे दात खाली उतरतात, दाढ पुढे कलते. आमच्याकडे याला रोलर कोस्टर म्हणतात, बाजूने बघितलं की वायरचा आकार तसाच वर-खाली दिसतो. म्हणजे सुरुवातीला नायटायचा जो गुण कामाला येतो, तोच गॅप भरताना नडतो. 19-25 ची चौकोनी स्टील त्या खाचेत बऱ्यापैकी भरून बसते, वाकत नाही, आणि गुळगुळीत असल्याने ब्रॅकेट तिच्यावरून सरकतातही बरे. नायटायवर घर्षण जास्त, आणि त्यात दात कललेला असेल तर खाचेची कड वायरला चावते आणि सरकणं थांबतं.

मी सरांना हे सगळं सांगितलं. त्यांचं म्हणणं, पेशंट खुश आहे, दुखत नाही, गॅप भरतेय, तू कशाला मागे नेतेस? नायटाय मॉडर्न वायर आहे, जग पुढे चाललंय. मी म्हटलं सर, ओपीजी बघा. बघितला नाही. हे मला आजपर्यंत लागून राहिलंय, कारण त्या काकूंना "तुमच्या मुलीची गॅप आता आधी थोडी परत उघडणार" हे मला एकटीला सांगावं लागलं, आणि त्या रडल्या.

चेन काढली. 16 ची नायटाय तशीच ठेवून दात उभे व्हायला पाच आठवडे दिले, गॅप तीनची पाच झाली, ती व्हायलाच हवी होती. मग 17-25 नायटाय दोन व्हिजिट, 19-25 नायटाय एक व्हिजिट. मग 19-25 स्टील, हुक लावलेली, खालच्या वायरला प्लायरने हलका उलटा बाक दिलेला, म्हणजे समोरचे खालचे दात दाबले जाऊन झाकणं कमी होतं. असा बाक हवा तसा आणि हवा तिथे हाताने देता येतो तो स्टीललाच, नायटायला प्लायर लावा, सोडली की सरळ. स्टील लावून महिनाभर काहीही ओढलं नाही, वायर खाचेत ताण न राहता बसू दिली. हे लोक घाईत गाळतात. त्यानंतर दोन्ही बाजूंना साधारण 150 ग्रॅम जोराच्या स्प्रिंग. ती स्प्रिंग नायटायची बरं का, कारण सारखा हलका जोर द्यायला तिच्यासारखं काही नाही. स्टील रुळासारखी दाताला धरते आणि नायटाय ओढते, दोघी आपापल्या जागी. महिन्याला साधारण एक मिलिमीटर, सहा महिन्यांत गॅप बंद, यावेळी मुळांसकट. चुकीचे चार आणि दुरुस्तीचे पाच धरून त्या मुलीचे नऊ महिने गेले.

म्हणून कोणी क्लिनिकवाला "आमच्याकडे शेवटपर्यंत नायटायच, दुखणारच नाही" असं सांगत असेल आणि दात काढायचे असतील, तर सरळ विचारा की गॅप कोणत्या वायरवर भरणार. उत्तर गोल नायटाय आलं तर दुसरं ओपिनियन घ्या. हे मी कोणाच्याही तोंडावर सांगेन.

आता काही गोष्टी आधीच लिहायला हव्या होत्या. माझे आकडे 22 च्या खाचेचे आहेत, 18 ची खाच वापरणारे 16-22 च्या स्टीलवर गॅप भरतात, ते बरोबरच आहे. वायरमध्येच लूप पाडून गॅप भरणारेही आहेत, त्यांची पद्धत वेगळी. दात काढलेच नसतील आणि फक्त थोडी वाकडी ओळ असेल तर स्टीलची गरज कमी पडते. आणि स्टील घाईने लावणं हीसुद्धा चूकच आहे, वायर बोटाच्या दाबाने खाचेत बसायला हवी, जोर लावून कोंबावी लागली तर आधीची नायटाय अजून एक महिना राहायला हवी होती. निकेलची ॲलर्जी असेल, म्हणजे खोट्या दागिन्यांनी कानाला खाज येत असेल, तर डॉक्टरांना नक्की सांगा, स्टीलमध्ये निकेल साधारण 8 टक्के आणि नायटायमध्ये वजनाने निम्म्याहून जास्त असतं.

दुखणं दोन-तीन दिवस, फार तर आठवडा. त्यानंतरही एकाच दाताला ठणका असेल तर जाऊन दाखवा. आणि गॅप भरायला लागली की स्टीलचं टोक शेवटच्या दाढेमागे बाहेर येऊन गालाला टोचेल, ती वायर मागे सरकतेय, तात्पुरतं मेण लावा आणि क्लिनिकमध्ये जाऊन कापून घ्या, घरी नेलकटर लावू नका.